रंगवलेला घन आणि लीलावतीतला ९

शिरपूर जैनहून एका पालकांनी विचारलं आहे: बाहेरून रंगवलेल्या घनाचे ६४ सारखे तुकडे केले, तर तीन, दोन, एक पृष्ठ रंगलेले आणि पूर्ण कोरे किती, याची सूत्रं मुलाला पाठ आहेत, पण ‘असं का?’ म्हटलं की गाडी अडते.

पोराचा फार दोष नाही, ६४ हा आकडाच लबाड आहे. उत्तर येतं ८, २४, २४, ८. सूत्रांची उलटापालट केली तरी गुण पूर्ण मिळतात! पेपर काढणाऱ्यांनी ६४ ला रजा द्यावी.

आपण प्रत्येक कडेवर ९ तुकडे घेऊ, म्हणजे एकूण ७२९. (त्यासाठी एका दिशेला ८ काप लागतात; ९ काप दिले तर तुकडे १० होतात.) रंग फक्त बाहेरच्या थराला लागलेला. बटाट्यासारखी सगळीकडून साल काढली, की दोन्ही टोकांचा एकेक थर जाऊन ९ चे ७ उरतात. आतला कोरा गाभा ७×७×७, म्हणजे ३४३. कोपरे ८, त्यांची तीन पृष्ठं रंगलेली. कडा १२, टोकांचे कोपरे वगळून प्रत्येकीवर ७, म्हणून दोन पृष्ठं रंगलेले ८४. सहा बाजूंवर मधले ४९-४९, म्हणजे एकच पृष्ठ रंगलेले २९४. बेरीज ७२९. मुलं हमखास १२×९ करतात. मग प्रत्येक कोपरा तीन कडांत तीनदा मोजला जातो आणि बेरीज फुगते.

९ मी मुद्दाम घेतला. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त ९ चा घन विचारला आहे. त्यांची एक रीत अशी: संख्येचे दोन भाग करा, संख्या आणि दोन्ही भाग यांच्या गुणाकाराची तिप्पट करा, त्यात भागांचे घन मिळवा. त्यांनी ४ आणि ५ घेतले. आपण ७ आणि २ घेऊ: गाभ्याचे ७, सालीचे २. तिप्पट गुणाकार ३७८, घन ३४३ आणि ८. कोरे ३४३, कोपरे ८ आणि ३७८ म्हणजे बरोबर ८४ अधिक २९४! आचार्यांनी रंगाचा डबा उघडला नव्हता, हे खरं. पण चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला होता; तिथे कुणी मातीचा घन कापून पाहिला असेल का, असं मला उगाच वाटत राहतं.

रंगलेली पृष्ठं मोजूनही ताळा घेता येतो: ८×३, ८४×२ आणि २९४ मिळून ४८६, सहा बाजूंवर ८१-८१ धरले तरी तेवढीच.

आता घन कापूच नका, तुकडा एकच ठेवा. तरी सूत्रं बेधडक सांगतात: तीन पृष्ठांचे ८, दोनचे उणे १२, एकचे ६, कोरे उणे १. बेरीज १, रंगलेली पृष्ठं ६. दोन्ही ताळे जुळतात, आणि उत्तर शुद्ध थापा! एकातून दोन टोकांचे दोन थर सोलताच येत नाहीत. सूत्रं प्रत्येक कडेवर किमान दोन तुकडे असतील तरच चालतात.