स्पर्धकाची ॲड कॉपी नका करू, उघडून बघा: हुक, प्रॉब्लेम, प्रूफ आणि कॉल टू ॲक्शन

या एपिसोडचं लेखी रूप खूप जणांनी मागितलं होतं, कारण ऐकताना सेकंदांचा हिशोब लक्षात राहत नाही म्हणे. बरोबर आहे. तर हे घ्या, थोडं साफसूफ करून, पण बोललो तसंच.

सुरुवात ताईपासून. माझी मावसबहीण सांगलीजवळ लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल काढते. माल एक नंबर. दिवाळीच्या आधी तिने इन्स्टाग्रामवर ॲड चालवली, 6,000 रुपये घातले आणि ऑर्डरी आल्या सात. त्यातल्या दोन ओळखीच्याच. मग तिचा फोन आला, "अरे, तो दुसरा तेलवाला बघ, त्याची ॲड सारखी सारखी दिसते. आपण तशीच्या तशी करूया का?"

मी म्हटलं, थांब. आमच्या कामात दुसऱ्याचं सॉफ्टवेअर चांगलं चाललं तर आपण त्याचा रंग कॉपी करत नाही. ते उघडून बघतो, कुठला भाग काय काम करतो ते. ॲडचंही तसंच करायचं.

आधी ठरवा, कुठली ॲड उघडायची

पहिली चूक इथेच होते. आपण व्ह्यूज बघतो. पण व्ह्यूज पैसे देऊनही मिळतात, त्यामुळे पाच लाख व्ह्यूज म्हणजे ॲड चालली असं नाही. पाच लाख लोकांना ती दाखवायला कुणीतरी पैसे भरले, एवढंच त्यातून कळतं.

त्यापेक्षा मेटाची `Ad Library` उघडा. पत्ता आहे `facebook.com/ads/library`, आणि ती फुकट आहे. देश India निवडा, सगळ्या ॲड्सचा पर्याय घ्या आणि स्पर्धकाच्या पेजचं नाव टाका. त्याच्या सध्या चालू असलेल्या ॲड्स दिसतात आणि प्रत्येकीवर `Started running on` म्हणून तारीख असते. ती तारीख आपल्या कामाची. ज्या ॲडवर माणूस तीन महिने रोज पैसे घालतोय, ती त्याला काहीतरी परत देत असणार. जी आठ दिवसांत बंद झाली, ती बहुतेक पडली.

"बहुतेक" म्हणतोय, कारण आपल्याकडे तेलाच्या ॲडवर किती खर्च झाला आणि किती विक्री झाली हे तिथे दिसत नाही. कुणी ॲड चालू ठेवून विसरलेलाही असू शकतो. म्हणून एका ॲडवर विश्वास टाकू नका. एकाच स्पर्धकाच्या जास्त दिवस चाललेल्या तीन-चार ॲड्स घ्या.

आता ती 38 सेकंदांची ॲड

आम्ही जी ॲड घेतली ती तीन महिन्यांहून जास्त चालू होती. मी ती तीनदा बघितली. आधी आवाज बंद करून, कारण बरेच लोक ती तशीच बघतात. मग फोन पालथा ठेवून फक्त ऐकली. मग दोन्ही एकत्र, वही घेऊन. वहीत चार रकाने: सेकंद, काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि हा तुकडा कुठलं काम करतोय. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

*हुक, 0 ते 3 सेकंद.* वजनकाट्यावर शेंगदाणे ओततायत, खळखळ आवाज येतोय, काट्यावर 10 किलो. स्क्रीनवर अक्षरं: "10 किलो दाण्यांतून तेल किती निघेल?" लोगो नाही, नमस्कार नाही. तुमच्या मनात एक आकडा येतो आणि तो बरोबर आहे का हे बघायला तुम्ही थांबता. शिवाय ज्याला तेलाशी काही देणंघेणं नाही तो पुढे निघून जातो. हेही हुकचंच काम आहे.

*प्रॉब्लेम, 3 ते 9 सेकंद.* एक बाई बाटली हातात घेऊन म्हणते, "घाण्याचं लिहिलंय, पण आहे का, कळणार कसं?" इथे आरोग्याचं एक अक्षर नाही. मला आधी वाटलं होतं, ते हृदयबिदय काहीतरी बोलतील. नाही. त्यांनी प्रॉब्लेम पकडला विश्वासाचा.

*प्रूफ, 9 ते 28 सेकंद.* निम्मा व्हिडिओ इथेच जातो. तेच दाणे घाण्यात, तेलाची धार, बाजूला पेंड, आणि शेवटी मापात तेल: साधारण 4 लिटर. घाण्यावर 10 किलो दाण्यांना साधारण एवढंच तेल पडतं, म्हणजे लिटरला अडीच किलो दाणे. आता गंमत बघा. दाणे 120 रुपये किलो धरले तर लिटरमागे 300 रुपयांचे दाणेच झाले. त्यांनी किमतीबद्दल एक शब्द काढला नाही, पण "380 रुपये लिटर? एवढं महाग?" या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं. आणि प्रॉब्लेम विश्वासाचा होता, तर प्रूफही डोळ्यांनी मोजता येईल असंच दिलं. ही जोडी जुळणं म्हणजे अर्धी ॲड जमली.

*कॉल टू ॲक्शन, 28 ते 38 सेकंद.* "आधी अर्ध्या लिटरची बाटली मागवा. घरी पटलं तर मोठा कॅन घ्या. खालचं बटण दाबा, व्हॉट्सॲप उघडेल." एकच काम सांगितलंय, तेही छोटं.

याच मापाने मग ताईची जुनी ॲड मोजली. पहिली पाच सेकंदं लोगो फिरतोय. प्रॉब्लेम नाहीच. प्रूफच्या जागी "100% शुद्ध" अशी अक्षरं, जी कुणीही लिहू शकतं. आणि शेवटी "आजच ऑर्डर करा", थेट 1,900 रुपयांचा पाच लिटरचा कॅन. अनोळखी माणूस पहिल्याच भेटीत 1,900 कसे देईल? ताई हे बघून दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तो लोगो करायला मी 800 रुपये दिले रे."

एकापेक्षा दोन ॲड्स जास्त शिकवतात

कोड शिकताना दोन आवृत्त्या शेजारी ठेवून काय बदललं ते आपण बघतो. तेच इथे करा. त्या स्पर्धकाच्या चार ॲड्स शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की 9 सेकंदांनंतरचा भाग चारही ठिकाणी जवळपास सारखा आहे. बदलतात फक्त पहिली तीन सेकंदं: एकीत काटा, एकीत तेलाची धार, एकीत पेंडेचा तुकडा, एकीत तीच बाई. म्हणजे प्रूफ त्यांना सापडलंय, ते हुक तपासतायत. जे बदलत नाही ते त्यांना पटलेलं आहे, आणि जे बदलतंय ते अजून शोधणं चालू आहे. एक ॲड बघून हे कधीच कळलं नसतं.

साचा त्यांचा, माल आपला

आता मोह होतो की आपणही काट्यावर दाणे ओतूया. नको. एक तर त्यांचे शॉट उचलणं कॉपीराइटमध्ये अडकवू शकतं. आणि तेच दृश्य दुसऱ्यांदा बघताना लोकांना पहिलाच ब्रँड आठवतो.

आम्ही ताईच्या व्हॉट्सॲपमध्ये बसलो. जुन्या गिऱ्हाइकांचे मेसेज वाचत गेलो आणि एकच तक्रार सारखी दिसली: "तळताना फेस येतो, भेसळ आहे का?" झालं, प्रॉब्लेम मिळाला, तोही गिऱ्हाइकाच्या शब्दांत.

इथे आम्ही एक मोठी चूक करणार होतो. ताईने लिहिलं, "फेस येतो म्हणजे तेल शुद्ध!" ऐकायला भारी वाटतं, पण खोटं आहे. रिफायनिंगमध्ये तेलातले डिंकासारखे नैसर्गिक घटक काढून टाकतात. घाण्याच्या तेलात ते राहतात, म्हणून फेस येऊ शकतो. पण तेलात ओलावा असला तरी फेस येतो. त्यामुळे फेस ना भेसळीचा पुरावा, ना शुद्धतेचा. तसंच "कोलेस्टेरॉल फ्री" हे. कुठल्याच वनस्पती तेलात सांगण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं, मग आपल्याच तेलाचा तो मोठेपणा कसला? स्पर्धक एखादा दावा करतोय म्हणून तो आपल्याला चालतो असं नाही. दाव्यामागचा पुरावा आपल्याकडे असायला हवा.

मग आमची ॲड अशी झाली. हुक: कढईतला फेस अगदी जवळून, अक्षरं "फेस आला म्हणजे भेसळ?" प्रॉब्लेम: ताई स्वतः तो मेसेज वाचून दाखवते. प्रूफ: शेजारी शेजारी दोन कढया, एकीत आजच काढलेलं तेल, दुसरीत टाकीत चार दिवस निवळलेलं. दुसरीत फेस स्पष्ट कमी. मग टाकीच्या तळाचा गाळ दाखवून ताई म्हणते, "हा गाळ खाली बसल्याशिवाय मी बाटली भरत नाही." शेवट: अर्ध्या लिटरची बाटली, 190 रुपये, व्हॉट्सॲप.

कुठे गळतंय ते कसं ओळखायचं

ॲड चालू केल्यावर तीन आकडे बघा. एक, ॲड जितक्या वेळा दिसली त्यातल्या किती वेळा ती तीन सेकंदांपुढे बघितली गेली. `Ads Manager` मध्ये `3-second video plays` ला `Impressions` ने भागा. हा आकडा पडलेला असेल तर हुक बदला, बाकी कशाला हात लावू नका. दोन, लोक थांबतायत पण मधेच सुटतायत, तर प्रॉब्लेम किंवा प्रूफ लांबलंय. तीन, शेवटपर्यंत बघतायत पण बटण दाबत नाहीत, तर मागणी मोठी आहे. आणि तुलना स्वतःच्याच जुन्या ॲडशी करा.

ताईच्या जुन्या ॲडला शंभरातले 14 जण तीन सेकंदांपुढे टिकले होते, नव्या ॲडला 27. पण पहिल्या आठवड्यात ऑर्डरी तरी कमीच. मेसेज भरपूर यायचे आणि "किंमत?" विचारून लोक गप्प व्हायचे. तेव्हा लक्षात आलं की कुरिअरचा खर्च ॲडमध्ये सांगितलाच नव्हता. शेवटच्या वाक्यात "घरपोच 250" असं जोडलं. मेसेज कमी झाले, ऑर्डरी वाढल्या. त्याच 6,000 रुपयांत 23 बाटल्या गेल्या. अर्ध्या लिटरच्या 23 बाटल्यांतून ॲडचा खर्चही निघत नाही, हे ताईला माहीत आहे. त्यातल्या नऊ जणांनी पुढच्या महिन्यात पाच लिटरचा कॅन घेतला, तेव्हा कुठे हिशोब जमायला लागला.

गेल्या आठवड्यात तिचाच फोन आला. "अरे, त्या तेलवाल्याने पण फेसाची ॲड काढलीय!"

म्हटलं, वही काढ. सेकंद लिहायला घे.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.