केशरी बटणावर कोणत्या रंगाची अक्षरं?

केशरी बटण आणि त्यावर पांढरी अक्षरं हा जोड मराठी संकेतस्थळांवर, मोबाइलवर फिरणाऱ्या कार्यक्रमपत्रिकांवर आणि निरनिराळ्या अॅपवर सर्रास दिसतो. दिसायला तो प्रसन्न असतो. रंग निवडणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण त्याचा पडदा मोठा असतो, खोलीत ऊन नसतं आणि ‘अर्ज भरा’ हे शब्द त्यानंच टाकलेले असल्यामुळे न वाचताही त्याला माहीत असतात. तेच बटण मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसासमोर, दुपारच्या उन्हात, मोबाइलवर येतं तेव्हा त्याला फक्त केशरी पट्टी दिसते. अर्ज भरायची सोय असूनही त्याच्यापुरती ती नसल्यातच जमा होते.

हे टाळायचं तर रंगाचा निर्णय डोळ्याच्या अंदाजावर न सोडता मोजून घ्यावा लागतो. त्यासाठीचं माप ठरलेलं आहे. वेबचे संकेत ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेनं 2008 मध्ये सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांची 2.0 ही आवृत्ती काढली. डब्ल्यूसीएजी या नावानं त्या ओळखल्या जातात. 2023 मध्ये त्यांची 2.2 आवृत्ती आली, पण अक्षरांच्या कॉन्ट्रास्टचे आकडे बदलले नाहीत. आपल्याकडच्या सरकारी संकेतस्थळांसाठी असलेल्या जीआयजीडब्ल्यू या नियमावलीनंही याच सूचनांचा आधार घेतला आहे.

माप असं आहे: अक्षरांचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढायचं. दोन्ही रंग एकच असतील तर ते 1 येतं, काळं आणि पांढरं असेल तर 21. साध्या मजकुराला किमान 4.5 हवं. मोठ्या किंवा मोठ्या-ठळक अक्षरांना 3 चालतं. 4.5 हा आकडा हवेतून आलेला नाही. सामान्य नजरेला 3 पुरेसं आहे असं पडद्यांविषयीच्या जुन्या मानकांत धरलं होतं. ज्याची दृष्टी साधारण 6/12 पर्यंत उतरली आहे, त्याला फरक ओळखण्यासाठी अंदाजे दीडपट कॉन्ट्रास्ट लागतो, म्हणून 3 चे 4.5 झाले. दृष्टी त्याहून क्षीण असलेल्यांसाठी 7 ची वरची पायरी आहे. म्हणजे 4.5 ही वाढत्या वयातल्या अगदी नेहमीच्या नजरेसाठी आखलेली सीमा आहे.

उजळपणा म्हणजे नेमकं काय, हे कळलं की बाकीचं सोपं जातं. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांच्या मिश्रणातून होतो, पण हे तिघं आपल्या डोळ्याला सारखे उजळ वाटत नाहीत. एकूण उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7 टक्के धरतात. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही पूर्ण असतात, म्हणून तो पांढऱ्याच्या अगदी जवळ जातो आणि त्याच्यावर पांढरी अक्षरं विरून जातात. गडद निळ्यावर मात्र तीच अक्षरं लखलखीत उठतात. आणि हिरव्यावर लाल? `#008000` या हिरव्यावर `#FF0000` हा भडक लाल टाकला तर गुणोत्तर फक्त 1.28 येतं. रंग एकमेकांपासून कितीही वेगळे असोत, उजळपणा जवळपास सारखा असेल तर अक्षराची कड डोळ्याला सापडत नाही. लाल-हिरव्यात फरक न करता येणाऱ्या माणसापुढे तर तिथं जवळजवळ काहीच लिहिलेलं नसतं.

सूत्र एका ओळीचं आहे:

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

L1 हा दोनांतल्या उजळ रंगाचा उजळपणा, L2 गडद रंगाचा. 0.05 ची भर पडद्यावर आजूबाजूचा प्रकाश पडतो त्याबद्दल आहे, कारण प्रत्यक्षात कोणताही पडदा पूर्ण काळा दिसत नाही.

आता आपलं केशरी घेऊ. `#FF9933` या रंगात लाल पूर्ण आहे, हिरवा 60 टक्के आणि निळा 20 टक्के. पण पडद्याच्या हिशेबातले 60 टक्के म्हणजे 60 टक्के प्रकाश नव्हे. तो आकडा आधी खऱ्या प्रकाशात बदलावा लागतो आणि मग हिरव्याचे सुमारे 32 टक्केच उरतात. ठरलेल्या वाट्यांनी बेरीज केली की या केशरीचा उजळपणा 0.443 येतो. पांढऱ्याचा 1. त्यामुळे पांढऱ्या अक्षरांचं गुणोत्तर 1.05 भागिले 0.493, म्हणजे 2.13. साध्या मजकुराचे 4.5 सोडाच, मोठ्या अक्षरांचे 3 सुद्धा गाठता येत नाहीत. इथं अक्षर कितीही जाड केलं तरी नियम पाळला जात नाही. काळ्या अक्षरांचं गुणोत्तर मात्र 9.86 आहे.

एक गोष्ट इथं फार उपयोगाची आहे. सपाट, एकरंगी पार्श्वभूमी कोणतीही असो, काळा आणि पांढरा यांतला निदान एक रंग तिच्यावर 4.5 ओलांडतोच. मागच्या रंगाचा उजळपणा 0.179 च्या वर असेल तर काळा सरस ठरतो, खाली असेल तर पांढरा. त्या सीमेवरही दोघांचं गुणोत्तर 4.58 असतं. म्हणून ‘आमच्या संस्थेचा रंगच असा आहे, त्याला काय करणार’ ही सबब टिकत नाही.

केशरी जसाच्या तसा ठेवायचा असेल तर अक्षरं गडद करावीत. शुद्ध काळा केशरीवर जरा कोरडा वाटतो, म्हणून त्याच कुळातला गडद तपकिरी घ्यावा. `#3B1A00` नं गुणोत्तर 7.39 येतं आणि 7 ची वरची पायरीही पार होते. पांढरी अक्षरंच हवी असतील तर मागचा रंग गडद करावा लागेल. `#B85000` वर पांढऱ्याचं गुणोत्तर 5.02 येतं, पण तो रंग केशरी राहत नाही, विटकरी होतो. या दोन टोकांच्या मधल्या `#E06A00` वर पांढरं 3.37 येतं. लहान अक्षरांना ते पुरत नाही, मोठ्यांना पुरतं.

अक्षराच्या जाडीचा प्रश्न नेमका या मधल्या पट्ट्यात येतो. डब्ल्यूसीएजीच्या हिशेबानं मोठं अक्षर म्हणजे 18 पॉइंट, वेबच्या मापात 24 पिक्सेल, किंवा बोल्ड असेल तर 14 पॉइंट, म्हणजे साधारण 19 पिक्सेल. बोल्ड म्हणजे व्यवहारात 700 वजन. त्यामुळे `#E06A00` च्या बटणावर 16 पिक्सेलची पांढरी अक्षरं बोल्ड केली तरी ती नियमात बसत नाहीत, 19 पिक्सेलची बोल्ड बसतात आणि 24 पिक्सेलची साधीही बसतात. जाडी वाढवून गुणोत्तर वाढत नाही. पुरेशा मोठ्या अक्षराला ती फक्त खालच्या पायरीवर उभं राहायची परवानगी देते.

उलट दिशेनं मात्र जाडी नकळत घात करते. सूत्र अक्षराची जाडी पाहतच नाही. 300 वजनाचं बारीक अक्षर आणि 700 वजनाचं जाड अक्षर, दोघांनाही कागदावर तेच 5.02 मिळतं. पण बारीक अक्षराची रेघ पडद्याच्या एका ठिपक्याहूनही अरुंद असली तर तो ठिपका पूर्ण पांढरा रंगवला जात नाही. ब्राउझर त्यात मागचा रंग मिसळतो आणि डोळ्यापर्यंत पोचणारा रंग फिका होतो. म्हणून गुणोत्तर 4.5 च्या जेमतेम वर असेल तर 400 च्या खाली जाऊच नये, आणि रंगीत पार्श्वभूमीवर बटणाचे शब्द 500 किंवा 600 वर ठेवावेत.

देवनागरीत आणखी काळजी लागते. वर रफार-वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढं सगळं त्याच उंचीत मावायचं असल्यामुळे अक्षराचा मुख्य भाग बऱ्याच फाँटमध्ये लहान राहतो. 19 पिक्सेलची मर्यादा रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून आली आहे. मराठीसाठी मी 3 ची सवलत 22 पिक्सेल बोल्डच्या खाली घेऊ नये असंच म्हणेन. दुसरं म्हणजे, निवडलेल्या फाँटची बोल्ड फाइलच जोडलेली नसेल तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून खोटा बोल्ड तयार करतो. मग ‘क्ष’च्या पोटातली पोकळी बुजते, ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच भासतात, शिरोरेषेला टेकलेला अनुस्वार तिच्यात मिसळतो. पडद्यावरचा मजकूर जवळून पाहिला, तर शिरोरेषेसह सगळ्या रेघा सरसकट सुजलेल्या दिसतात, ही त्याची खूण. मुंबईच्या एक टाइपनं केलेला मुक्ता हा फाँट 200 ते 800 अशा सात वजनांत मिळतो. असा फाँट घेऊन हवं ते वजन खरोखर जोडलं की हा घोळ होत नाही.

केशरी कायम ठेवून केलेलं बटण असं लिहिता येईल:

```css
.arj {
  background: #FF9933;
  color: #3B1A00;
  font: 600 18px Mukta, sans-serif;
}
```

या सूत्राच्या मर्यादाही माहीत असाव्यात. `#767676` हा करडा पांढऱ्यावर 4.54 आणि काळ्यावर 4.62 देतो. दोन्ही ठिकाणी तो नियमात बसतो, तरी काळ्यावर तो अधिक मंद वाटतो. मध्यम नारिंगीवर सूत्र काळ्याला बरंच वरचढ ठरवतं, पण अनेकांना पांढरं वाचायला सोपं जातं. अक्षर कोणतं आणि पार्श्वभूमी कोणती, शिवाय अक्षराचा आकार आणि जाडी, हे सगळं जमेस धरणारी एपीसीए नावाची नवी पद्धत अँड्र्यू सोमर्स यांनी मांडली आहे, मात्र अजून तिला नियमाचं स्थान नाही. माझं मत असं की गडद पार्श्वभूमीवर 4.5 वर समाधान मानू नये, 7 च्या जवळ जावं.

तपासणी सोपी आहे. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये अक्षराच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की गुणोत्तर समोर येतं, किंवा वेबएमच्या तपासणीच्या पानावर दोन रंग टाकले तरी कळतं. चुका बहुतेक वेळा जिथं रंग सरळ दिसत नाही तिथं होतात. छायाचित्रावर किंवा एका रंगातून दुसऱ्यात उतरणाऱ्या पट्ट्यावर अक्षरं असतील तर सरासरी धरून भागत नाही. पांढऱ्या अक्षरांमागची सर्वांत उजळ जागा शोधून तिथलं गुणोत्तर काढावं लागतं. अर्धपारदर्शक अक्षरांचंही तसंच आहे. `#B85000` वर पूर्ण पांढरं 5.02 देत होतं. तोच पांढरा ‘जरा सौम्य दिसावा’ म्हणून 80 टक्के केला की त्यात मागचा विटकरी मिसळतो, प्रत्यक्ष रंग `#F1DCCC` च्या आसपास येतो आणि गुणोत्तर 3.79 वर उतरतं. फाइलमध्ये अजूनही ‘पांढरा’च लिहिलेलं असतं. म्हणून आकडा मिसळून तयार झालेल्या रंगाचा घ्यायचा आणि बटणावर माउस नेल्यावर, ते दाबल्यावर जे रंग येतात त्यांचाही वेगवेगळा काढायचा.