किरण अडवून काढलेलं चित्र

हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोहोचतंय का, हे पाहणाऱ्या तपासणीला आपल्याकडे अजूनही ‘थॅलियम’च म्हणतात. प्रत्यक्षात आज बहुतेक ठिकाणी शिरेतून टोचतात ते टेक्नेशियम-99एम या किरणोत्सारी द्रव्याला जोडलेलं औषध. नाव जुनंच राहिलं, द्रव्य बदललं आणि त्या बदलाबरोबर गॅमा कॅमेऱ्याच्या तोंडावरची शिशाची जाड जाळीही बहुतेकदा बदलली. या जाळीला कोलिमेटर म्हणतात. चित्र किती बारीक दिसणार आणि त्यात किती खरखर असणार, याचा बराचसा निकाल रुग्ण टेबलावर झोपण्यापूर्वीच ती देऊन टाकते.

मुळात जाळी हवीच कशाला? साध्या कॅमेऱ्यात भिंग प्रकाश वळवून एका जागी आणतं. गॅमा किरण भिंगाने असे वळत नाहीत. हृदयातून ते सगळ्या दिशांना सुटतात, त्यामुळे उघड्या स्फटिकावर ते पडू दिले तर कुठला किरण कुठून आला हे कळायला मार्गच उरत नाही. 1950 च्या दशकात बर्कलीत हॅल अँगर यांनी हा कॅमेरा बनवला. त्याच्या आजच्या नेहमीच्या रूपात स्फटिकापुढे हजारो समांतर भोकं असलेला शिशाचा ठोकळा बसवलेला असतो. पपईच्या पानांचे पोकळ देठ मोळी बांधून डोळ्यासमोर धरले, तर प्रत्येक देठातून फक्त समोरचाच ठिपका दिसेल. हा ठोकळा तसंच काम करतो. सरळ येणारा किरण आत जातो आणि तिरपा येणारा शिशात जिरतो.

या निवडीची किंमत मोठी आहे. ‘हाय रेझोल्युशन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका नेहमीच्या कोलिमेटरमध्ये षटकोनी भोक सुमारे 1.1 मिलिमीटर रुंद आणि 24 मिलिमीटर लांब असतं, तर दोन भोकांमधली भिंत 0.16 मिलिमीटरची असते. या मापांवरून हिशेब केला, तर औषधातून सुटलेल्या साधारण साडेआठ हजार किरणांपैकी एकच स्फटिकापर्यंत पोहोचतो. शरीरात वाटेतच अडकणारे किरण तर यात धरलेलेही नाहीत.

मग भोकं थोडी मोठी का करू नयेत? तशीही जाळी मिळते. ‘ऑल पर्पज’ प्रकारात लांबी तीच ठेवून भोक सुमारे 1.45 मिलिमीटरचं करतात. प्रत्येक भोकाला आता रुंद कोन दिसतो. कोलिमेटरपासून 10 सेंटिमीटरवरचा एक बिंदू पहिल्या जाळीतून 5.9 मिलिमीटर पसरलेला दिसत होता, तो आता 7.7 मिलिमीटर पसरतो. धूसरपणा 1.3 पट झाला. किरण मात्र त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 1.7 पट वाढले. उलट दिशेने गेलात तरी हाच वर्ग आडवा येतो. धूसरपणा निम्मा करायचा असेल, तर किरण चौथाईवर आणावे लागतात.

किरण कमी झाले की काय बिघडतं, हे नोंदींच्या हिशेबातून कळतं. किरणोत्सारी क्षय हा यदृच्छेचा खेळ असल्यामुळे नोंदींचा चढउतार त्यांच्या वर्गमुळाइतका असतो. समजा, चित्रातल्या एका चौकोनात 25 नोंदी झाल्या. त्यात 5 इकडेतिकडे होणं स्वाभाविक, म्हणजे 20 टक्के डळमळ. मोठ्या भोकांनी त्याच वेळात 43 नोंदी मिळाल्या, तर डळमळ 15 टक्क्यांवर येते. स्पेक्टमध्ये कॅमेरा छातीभोवती फिरतो, वेगवेगळ्या कोनांतून अशी चित्रं घेतो आणि संगणक त्यांतून हृदयाचे काप रचतो. या रचनेत बारीक तपशील उठावदार करताना ही डळमळही वाढते. ती दाबायला गाळणी लावावी लागते आणि गाळणी जास्त कडक झाली, की बारीक जाळीने कमावलेली स्पष्टता तिथेच खर्ची पडते.

थॅलियमच्या काळात या कोंडीतून फारशी वाट नव्हती. थॅलियम-201 चं अर्धायुष्य 73 तासांचं, त्यामुळे रुग्णाला फार मात्रा देता येत नसे. किरण आधीच मोजके, म्हणून मोठ्या भोकांची ऑल पर्पज जाळी वापरण्याची पद्धत पडली. टेक्नेशियमचं अर्धायुष्य 6 तासांचं आहे. मात्रा कित्येक पट देता आली आणि हाय रेझोल्युशन जाळी परवडू लागली. याला आणखी एक बळकट कारण आहे. तिरप्या वाटेने आलेला जादा किरण डाव्या जवनिकेच्या साधारण सेंटिमीटरभर जाडीच्या भिंतीतून आला की शेजारच्या पोकळीतून, हे सांगू शकत नाही. नोंद वाढते, पण ती चुकीच्या जागी पडते. म्हणून स्पेक्टमध्ये थोडे पण नेमके किरण सहसा जास्त कामाचे ठरतात, आणि मला तरी हा कौल योग्य वाटतो.

पण हा कौल एका अटीवर टिकतो. ती अट म्हणजे अंतर. कोलिमेटर दूर गेला की धूसरपणा वाढतो. हाय रेझोल्युशन जाळीचे 5.9 मिलिमीटर 20 सेंटिमीटरवर 10.6 होतात. आश्चर्य असं, की समांतर भोकांच्या जाळीत दूर गेल्याने नोंदी मात्र कमी होत नाहीत. प्रत्येक भोकात कमी किरण येतात, पण तो बिंदू ‘पाहणाऱ्या’ भोकांची संख्या त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे जवळ जाण्यासाठी नोंदींच्या रूपात काहीच मोजावं लागत नाही. या सगळ्या व्यवहारात फुकट मिळणारी एवढी एकच गोष्ट आहे.

आता एक उदाहरण पूर्ण मांडू. रुग्णाचा डावा हात दुखतो, तो डोक्यावर नीट जात नाही, कोपर मध्ये येतं. टेक्निशियन कॅमेऱ्याचा फेरा पावणेचार सेंटिमीटर बाहेर घेतो. 10 च्या जागी पावणेचौदा सेंटिमीटर अंतर होताच हाय रेझोल्युशन जाळीचा धूसरपणा 7.7 मिलिमीटर होतो, म्हणजे 10 सेंटिमीटरवरच्या ऑल पर्पज जाळीइतकाच. नोंदी मात्र तिच्यापेक्षा चाळीस टक्क्यांनी कमी. महागडी बारीक जाळी बसवून हाती आली ती साध्या जाळीची स्पष्टता आणि वर जास्तीची खरखर. हाताखाली उशी देऊन तो वर टेकवायला दोन मिनिटं जास्त दिली, तर एवढं नुकसान वाचतं. डॉक्टरांनाही हे ओळखता येतं. काप पाहण्याआधी मूळ चित्रं एकामागून एक फिरवून पाहायची. हृदयाची कड काही कोनांत ठळक आणि काही कोनांत फुगलेली दिसली, तर अंतराचा संशय घ्यायचा. शरीराला घासून जाणारा लंबगोल फेराही निर्दोष नसतो, कारण कोनागणिक धूसरपणा बदलल्याने भिंतीत खोटा फिकेपणा उमटू शकतो.

आज संगणकाला भोकांची मापं आणि प्रत्येक कोनातलं अंतर सांगितलं, की तो हा पसरटपणा हिशेबात धरून काप रचतो. त्यामुळे निम्म्या वेळातही वाचनीय चित्रं मिळू लागली. मात्र न पोहोचलेले किरण तो आणू शकत नाही आणि कधीकधी कडेवर गरजेपेक्षा जास्त उठाव देतो. अशा चित्रात हृदयाच्या टोकाशी भिंत पातळ दिसली, तर ती तशीच आजार म्हणून वाचता येत नाही. त्याच पद्धतीने रचलेली निरोगी हृदयांची चित्रं शेजारी ठेवूनच तिचा अर्थ लावावा लागतो.