कडेला चिकटवलेला माणूस

लग्नाच्या ग्रुप फोटोत गैरहजर काकांना डाव्या टोकाला बसवले जाते. कात्रण स्वच्छ, प्रकाशाची दिशाही जुळलेली, तरीही काका उपरे वाटतात. कारण बहुधा लेन्समध्ये असते. वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत कोपरे मध्यापेक्षा काळवंडतात आणि कडेच्या सरळ रेषा किंचित बाहेर फुगतात. काकांचा फोटो मात्र दुसऱ्या कॅमेऱ्याने, चौकटीच्या मधोमध काढलेला असतो. त्यामुळे शेजारच्या मंडपाचा खांब वाकतो, काका ताठ राहतात. भिंत मंदावते, सदरा लखलखतो.

येथे नेहमीची चूक म्हणजे फक्त काकांच्या लेयरवर कडा काळ्या करण्याचा फिल्टर लावणे. अंधार काकांच्या भोवती जमतो, तर खरा उतार पूर्ण फोटोच्या मध्यापासून मोजायचा असतो. सदऱ्याची कोपऱ्याकडची बाजू आतल्या बाजूपेक्षा थोडी गडद हवी.

खात्रीचा मार्ग उलटा आहे. फोटोशॉपच्या Lens Correction मध्ये आधी पार्श्वभूमीचा फुगवटा आणि काळोख काढावा. खांब सरळ झाला, भिंत एकसारखी उजळली, की काका बसवावेत. मग सगळे लेयर एकत्र करून त्याच फिल्टरमध्ये उलट चिन्हाचे आकडे द्यावेत; Remove Distortion आधी +4 असेल तर आता -4. मूळ स्थिती तंतोतंत परतत नाही, कडेचे तपशील किंचित मऊही होतात, पण दोघांना एकच लेन्स लाभते.

तपासणीसाठी वर तात्पुरता Curves लेयर ठेवून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवावा. उतारात खंड असेल तर काकांच्या कडेशी पायरी दिसते.