तटाकडे जाणारा वाकडा चर

डिलाईल रोडवरील गिरणीकामगारांनी विसाव्या शतकात ‘मोर्चा’ हा शब्द मराठीत इतका रूढ केला की, त्याचा जुना अर्थ आता कोशातच शोधावा लागतो. फारसी ‘मोर्चाल’ या शब्दाशी नाते सांगणारा हा शब्द पेशवेकालीन कागदपत्रांत वेढ्याच्या संदर्भात येतो. तेथे त्याचा अर्थ जमाव किंवा मिरवणूक असा नसून, शत्रूच्या माऱ्यापासून आडोसा घेऊन माणसे व तोफा जेथे ठेवावयाच्या ती खणलेली, मातीचा बांध घातलेली जागा असा आहे. किल्ल्यास ‘मोर्चे लावणे’ व ते ‘पुढे नेणे’ ही वेढ्यातील मुख्य क्रिया होती. हे मोर्चे पुढे कसे जात आणि त्यांकडे नेणारा चर सरळ न जाता डावीउजवीकडे वळत का जाई, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तोफा प्रबळ होण्यापूर्वी तटाची उंची हेच त्याचे बळ होते. पंधराव्या शतकात लोखंडी गोळ्यांचा मारा करणाऱ्या तोफा आल्या आणि उंच, पातळ भिंत हे उत्तम लक्ष्य ठरले. म्हणून युरोपात तट बुटके व जाड झाले. तटाबाहेर पुढे आलेले कोनाकृती बुरूज बांधण्यात येऊ लागले. अशा दोन बुरुजांवरील तोफांनी मधल्या भिंतीचा पायथा दोन्ही बाजूंनी झोडपता येतो, व हल्लेखोरास लपण्यास कोठेही कोन उरत नाही. किल्ल्यासमोरची सपाट जमीन ओलांडणे हाच यापुढे वेढ्यातील खरा प्रश्न झाला. जमिनीवरून जाणे अशक्य असल्यामुळे जमिनीत शिरून जाणे भाग पडले.

परंतु चर खणला म्हणजे संरक्षण मिळाले असे नव्हे. चर थेट किल्ल्याच्या रोखाने नेला, तर तटावरील गोलंदाजास त्याची सारी लांबी आपल्या नळीच्या रेषेत मिळते. समोरून आलेला गोळा एका माणसास लागून थांबत नाही. तो चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि वाटेतील सर्वांना घेतो. चराच्या बाजूचा बांध कितीही उंच केला तरी येथे त्याचा उपयोग नाही, कारण मारा बाजूने नसून लांबीने येतो. म्हणून प्रत्येक तुकडा असा तिरपा न्यावयाचा की, त्याची रेषा पुढे वाढवली असता ती किल्ल्याच्या सर्वांत बाहेरील बुरुजाच्याही बाहेरून जावी. मग खणलेली माती किल्ल्याच्या बाजूस टाकली की तिचा बांध खऱ्या अर्थाने आडोसा होतो. काही अंतर गेल्यावर चर उलट दिशेस वळतो व किल्ल्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाहेर रोख धरतो. वळणाच्या जागी नवा तुकडा मागेही थोडा वाढवितात, म्हणजे कोपरा झाकला जातो.

या नियमाची किंमत किती पडते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. किल्ल्याची समोरील बाजू ४०० यार्ड रुंद आहे, आणि चर तिच्या मध्यासमोरून निघतो असे समजू. ६०० यार्डांवर उभे राहिले असता बाजूचे टोक मध्यरेषेपासून सुमारे १८ अंशांवर दिसते. चराने याहून किंचित अधिक तिरपे जावे, एवढे पुरे. येथे एक यार्ड पुढे सरकण्यास एक यार्डाहून थोडेसेच अधिक खणावे लागते. २०० यार्डांवर तो कोन ४५ अंश होतो, व एका यार्डाच्या प्रगतीस सुमारे १.४ यार्ड खणणे पडते. १०० यार्डांवर कोन ६३ अंशांच्या वर जातो, म्हणजे सव्वादोन यार्डांहून थोडेसेच कमी. आणि ५० यार्डांवर ७६ अंश, म्हणजे चार यार्डांहून अधिक. किल्ला जवळ येतो तसतशी त्याची बाजू दृष्टीपुढे पसरत जाते, चर अधिकाधिक आडवा होतो, आणि अखेर चालणे पुष्कळ व पुढे जाणे नाममात्र अशी अवस्था येते. म्हणूनच अगदी अखेरच्या टप्प्यात वाकडा चर सोडून, दोन्ही बाजूंस बांध असलेला सरळ चर खणीत आणि त्यात ठिकठिकाणी मातीचे आडवे ढिगारे ठेवून समोरून येणारा गोळा अडवीत.

केवळ वाकड्या चरातही एक उणीव होती. त्याच्या टोकाशी थोडी माणसे काम करीत असत आणि मदत मागे दूर असे. किल्ल्यातील शिबंदी रात्री बाहेर पडून छापा घाली, खणणाऱ्यांना मारी व काम मोडून परत जाई. फ्रेंच अभियंता वोबाँ याने १६७३ मध्ये मास्ट्रिक्टच्या वेढ्यात याचा पद्धतशीर उपाय योजिला. किल्ल्याच्या बाजूस समांतर असे लांब, रुंद चर त्याने खणविले व त्यांत सैन्य ठेवले. पहिला समांतर चर सामान्यतः ६०० यार्डांच्या सुमारास, दुसरा त्याच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर आणि तिसरा खंदकाबाहेरील उताराच्या पायथ्याशी असे. वाकडे चर या तिहींस जोडीत. अशा रीतीने चराच्या टोकावरील माणसांच्या मागे हाकेच्या अंतरावर सशस्त्र फळी उभी राहू लागली.

प्रत्यक्ष खणण्याची रीत अंतराप्रमाणे बदले. पहिला समांतर चर रात्री उघडीत. अंधारात दोरी टाकून रेषा आखावयाची, तिच्यावर शेकडो मजूर एकदम बसवावयाचे, व उजाडण्यापूर्वी छातीपर्यंत आडोसा मिळेल इतके खणावयाचे. पुढे बंदुकीच्या टप्प्यात आल्यावर ही रीत चालत नसे. तेथे खास शिकलेले खणणारे लागत. इटालियन ‘झाप्पा’ म्हणजे कुदळ. त्यावरून फ्रेंच ‘साप’ व इंग्रजी ‘सॅपर’ हे शब्द आले, आणि ‘सॅपर्स अँड मायनर्स’ या जोडशब्दाचे हिंदुस्थानी शिपायांच्या तोंडी ‘सफरमैना’ झाले. वोबाँच्या पद्धतीत चार सफरमैना एकामागे एक काम करीत. पहिला गुडघे टेकून, काटक्यांनी ठासून भरलेली एक मोठी आडवी कणगी पुढे ढकलीत असे. समोरील गोळी तिच्यात रुते. किल्ल्याच्या बाजूस तो एक बिनबुडाची, वेताची विणलेली लहान कणगी उभी करी आणि दीड फूट रुंद, दीड फूट खोल खणून माती तिच्यात भरी. मागील तिघे प्रत्येकी सहा-सहा इंच रुंदी व खोली वाढवीत. चौथ्याच्या मागे तीन फूट रुंद व तीन फूट खोल चर तयार होई. मग साधे मजूर तो तोफा नेता येतील इतका रुंद करीत. दोन कणग्यांमधील फट हे सर्वांत घातक स्थळ असे, व ती काटक्यांच्या मोळ्यांनी वा मातीच्या पिशव्यांनी ताबडतोब बुजवावी लागे. पहिल्या जागेवरील माणसास फार काळ ठेवीत नसत, आणि किल्ला जवळ येईल तसा खणण्याचा दर वाढवून देत.

या सर्व व्यवस्थेस माती हवी, हे विसरता येत नाही. दख्खनचे डोंगरी किल्ले काळ्या पाषाणावर उभे असल्यामुळे तेथे चराची कला निरुपयोगी ठरते. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगड घेतला तो चर खणून नव्हे, तर उखळी तोफांचे गोळे गडावर टाकून. तिचे खरे क्षेत्र भुईकोट किल्ले होत. त्याच महिन्यात मालेगाव येथे जे घडले, त्यावरून या कलेचे बळ व तिची मर्यादा दोन्ही दिसतात.

मालेगावचा भुईकोट नारोशंकर राजेबहादूर यांनी मोसम नदीच्या वळणात बांधला. एका बाजूने नदीचे पात्र, एकात एक अशा तटांच्या रांगा आणि सुमारे २५ फूट खोल व १६ फूट रुंद खंदक असे त्याचे संरक्षण होते. आत अरब शिबंदी होती. लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेल याच्या फौजेने १८ मे १८१८ च्या रात्री जमीन उघडली. त्याच रात्री अरबांनी बाहेर पडून छापा घातला. तो परतविण्यात आला, पण मुख्य अभियंता लेफ्टनंट डेव्हिस मारला गेला. पुढील दिवसांत चर नदीकाठाकडे नेण्यात आले, तोफांचे मोर्चे बांधले गेले आणि भिंतीस खिंडार पडू लागले. तोफांचे गोळे संपत आले होते. तेव्हा आहे ते खिंडार पुरेसे मानून २९ मे रोजी हल्ला करण्यात आला.

लेफ्टनंट नॅट्स सफरमैनांसह खिंडाराच्या माथ्यावर चढला. तेथून त्याला जे दिसले ते पलीकडून कोणासही दिसले नव्हते: ढासळलेल्या भिंतीच्या आत पुन्हा खोल पोकळी होती. वाट अशक्य असल्याचे त्याने मागे ओरडून सांगितले आणि तो तेथेच गोळी लागून पडला. आत सोडलेल्या शिड्या खोलीत दिसेनाशा झाल्या. खिंडारावरील हल्ला मागे घ्यावा लागला. पेठ मात्र हाती आली.

हे अपयश तोफांचे नव्हते. बाहेरची भिंत तर पडली होती. अपयश होते ते चर वेळेपूर्वी थांबविण्याचे. वाकड्या चराचे काम माणसांना सुरक्षित जवळ नेणे एवढेच आहे असे समजले, म्हणजे ही चूक होते. खंदकाच्या काठापर्यंत गेलेला चर आणखी एक गोष्ट साधतो: तेथून खंदकाची खोली मोजता येते, त्याचा बाहेरील काठ सुरुंगाने आत पाडता येतो, व खिंडार जवळून पाहता येते. दुरून खिंडाराचा केवळ उतार दिसतो, त्यामागची पोकळी दिसत नाही. मालेगावास चर व खंदक यांच्या मध्ये नदीचे पात्र उरले होते, आणि त्या उरलेल्या अंतराची भरपाई अंदाजाने करण्यात आली.

दुसऱ्या प्रयत्नात हल्ल्याची बाजू बदलली. नवी कुमक व तोफा आल्या, आणि खंदकाच्या दिशेने सुरुंग खणण्यास आरंभ झाला. ११ जून रोजी उखळी तोफांच्या माऱ्याने किल्ल्यातील दारूचे कोठार उडाले व त्या स्फोटाने तटाचा मोठा भाग खंदकात कोसळला. १३ जून रोजी शिबंदीने शरणागती पत्करली. म्हणजे सुरुंगांचे काम पुरे होण्यापूर्वीच वेढ्याचा निकाल लागला.

सुरुंगाची पायरीही निर्वेध नसते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईच्या सॅन सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग घातले, तेव्हा काही सुरुंग उशिरा उडाले व त्यांत खिंडाराकडे धावलेली मराठ्यांचीच माणसे सापडली. तरीही वसईकरांनी अखेर तह केला, कारण मोर्चे बुरुजाच्या पायथ्यास भिडले होते आणि दुसरा हल्ला पहिल्याच्या जागेवरूनच सुरू करता येत होता. मालेगावी २९ मे नंतर तसे करता आले नाही. तेथे नव्या बाजूने नव्याने जमीन उघडावी लागली.