विहिरीवरच्या पंपाची बांधणी : टाय, क्लिप आणि तार

विहिरीच्या काठावर बसवलेल्या मोनोब्लॉक पंपाला दोन ठिकाणी बांधणी लागते. पाणी ओढणारी रबरी सक्शन नळी पंपाच्या निपलवर घट्ट बसवायची असते आणि स्टार्टरपासून मोटरपर्यंत येणारी केबल खांबाच्या किंवा पाइपाच्या आधाराने नीट धरून ठेवायची असते. दुकानात यासाठी तीन वस्तू मिळतात: नायलॉनचा केबल टाय, पेचाची होज क्लिप आणि बाइंडिंग वायर. तिन्ही स्वस्त आणि हाताशी असतात, त्यामुळे एकाचे काम दुसरीवर सर्रास ढकलले जाते. त्यातून होणारा बिघाड मात्र पंपाचा किंवा मोटरचा समजला जातो.

सगळ्यात जास्त चुका रबरी नळीच्या जोडावर होतात. नळीतले पाणी नळीला निपलवरून सरकवून काढू पाहते. दर 10 मीटर चढाला पाण्याचा दाब साधारण दर चौरस सेंटीमीटरला 1 किलो वाढतो. म्हणून 30 मीटर उंच पाणी चढवणाऱ्या पंपाजवळ डिलिव्हरीच्या बाजूला 3 किलोचा दाब असतो. नळीचे आतले तोंड 50 मिमीचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ जवळपास 20 चौरस सेंटीमीटर भरते. म्हणजे तो जोड उपटण्यासाठी सुमारे 60 किलोचा जोर सतत लागलेला असतो, आणि पंप सुरू-बंद होताना बसणारा हिसका वेगळाच. हा जोर पेलायला नळीला भोवताली सारखे आवळणारे आणि पुरेसे रुंद काहीतरी हवे.

तार इथेच कमी पडते. बांधकामात सळया बांधायला वापरतात ती 18 गेजची बाइंडिंग वायर जाडीला जेमतेम 1.2 मिमी असते, तर पेचाच्या मोठ्या क्लिपची पट्टी 12 मिमी रुंद असते. सारख्याच ताणाने आवळले तर तारेचा सगळा दाब दहापट अरुंद जागेवर येतो. तार रबरात रुतते आणि काही महिन्यांत तिथेच चीर पडते. शिवाय पिळाच्या जागी तार नळीपासून थोडी उचललेली राहते, म्हणून त्या बाजूला दाब जवळपास नसतोच. पाणी पहिल्यांदा झिरपते ते बहुधा पिळाखालूनच. केबल टायने हा जोड बांधणे त्याहून वाईट. 4.8 मिमी रुंदीच्या टायची ताकद साधारण 22 किलोची असते. पण खरी अडचण अशी, की हाताने ओढून नळी पुरेशी आवळली जात नाही, आणि रबर दबून सैल पडले की टाय पुन्हा आवळावा लागतो.

सक्शनच्या बाजूला गळती ओळखणे अवघड असते, कारण तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप चालू असताना डिलिव्हरीचे पाणी फसफसत, तुटक येते, आवाज बदलतो आणि काही वेळाने पंप पाणी सोडून देतो. अशा वेळी फूट व्हॉल्व्ह बदलण्याआधी जोड तपासावा. चालू पंपाच्या सक्शन जोडावर साबणाचा फेस लावला, की सैल जागी फेस आत ओढला जातो. पंप बंद करून नळी पाण्याने भरून ठेवली, तर त्याच जागी थेंब दिसतात. फूट व्हॉल्व्ह धड असताना पंपात रोज पाणी भरावे लागत असेल, तर या जोडावर पहिला संशय घ्यावा.

पेचाची होज क्लिप निवडताना माप नळीच्या बाहेरच्या व्यासाचे घ्यावे, आतल्या नव्हे. 50 मिमीच्या नळीची भिंत 6 मिमी जाड असेल, तर बाहेरचा व्यास 62 मिमी होतो. त्यासाठी 50 ते 70 मिमीची क्लिप योग्य ठरते, कारण आवळल्यावर पेच पट्टीच्या मधल्या भागात राहतो आणि पुढे कसायला वाव उरतो. 60 ते 80 मिमीची क्लिपही बसते, पण ती पहिल्या दिवशीच जवळजवळ पूर्ण आवळलेली असते. रबर दबल्यावर कसायला जागाच राहत नाही. पट्टीवर आरपार खाचा असतील, तर मऊ रबर त्यात घुसून कापले जाते. खाचा ठोकून उठवलेल्या आणि आतून सपाट असलेल्या पट्टीची क्लिप मऊ नळीला चांगली.

विहिरीवर सतत ओल असते, म्हणून संपूर्ण स्टेनलेसची क्लिप घेणेच परवडते. पुष्कळ क्लिपांची पट्टी स्टेनलेसची आणि पेच मात्र जस्ताचा मुलामा दिलेला असतो. पेच गंजला की पट्टी चांगली असूनही क्लिप खोलता येत नाही. दुकानात चुंबक जवळ नेऊन पाहावे: पट्टीला चिकटत नाही आणि पेचाला घट्ट चिकटतो, तर पेच साधा असण्याची शक्यता असते.

बसवताना नळी निपलच्या सगळ्या खाचांपलीकडे पूर्ण सरकवावी. क्लिप नळीच्या काठापासून थोडी आत आणि निपलच्या उठावांच्या मागे यावी; अगदी काठावर लावलेली क्लिप निसटते. 50 मिमीच्या नळीला दोन क्लिपा लावाव्यात आणि त्यांचे पेच एकमेकांच्या विरुद्ध बाजूला ठेवावेत. तारेचा सर्पिल असलेल्या सक्शन नळीचे टोक विना-तारेचे, मऊ असते. नळी मधून कापली तर ते टोक जाते, आणि उंचवट्यांवर बसलेली पट्टी हवा रोखू शकत नाही. पेच रबर पट्टीच्या दोन्ही कडांनी फुगू लागेपर्यंत आवळणे जास्तीचे होते. मात्र पहिल्या दिवशी पंप चालवल्यावर तो एकदा पुन्हा कसावाच, कारण रबर दबून ताण उतरलेला असतो.

केबलचे काम टायचे आहे. उन्हात साध्या पांढऱ्या टायचे नायलॉन कडक होऊन तडकते, म्हणून बाहेर ऊन सोसणारा काळा टायच घ्यावा. केवळ रंग काळा असून भागत नाही. पाकिटावर ऊन सोसण्याचा स्पष्ट उल्लेख असावा. नायलॉन हवेतली ओल धरून लवचीक राहते. उघडे पडलेले जुने टाय कोरडे होऊन बसवतानाच तुटतात, म्हणून पाकीट बंद ठेवावे. केबल हलू नये इतपतच आवळावे. तिचे वेष्टन चेपलेले दिसले तर टाय जास्त कसला आहे. शेपूट डोक्यालगत सपाट कापावी, नाहीतर तिचे टोक हात चिरते.

केबलला बाइंडिंग वायर मात्र कधीच लावू नये. वाऱ्याने हलणाऱ्या केबलचे वेष्टन तार हळूहळू कापते, आणि ती उघड्या तारेला टेकली की लोखंडी खांबासह सगळे जिवंत होते. ओल्या पायांनी पंपाजवळ जाणाऱ्याला याचा धोका सर्वांत जास्त. तारेचे खरे काम सळया बांधण्याचे आणि कुंपणाचे आहे. विहिरीवर ती फार तर जीआय पाइप खांबाला धरून ठेवायला चालेल, तीही जस्ताचा मुलामा असलेली.

पावसाळ्यापूर्वी मेन स्विच बंद करून ही बांधणी एकदा पाहून घ्यावी: वाकवताच तुटणारा टाय आणि गंजलेल्या पेचाची क्लिप त्याच दिवशी बदलावी, आणि केबलवर तार आढळली तर ती लगेच काढून टाकावी.