सॉसमधली साखर ताटाच्या हिशेबात

तारापूर एमआयडीसीतली पाळी सुटली की बोईसर स्टेशनच्या वाटेवर भूक भागवणाऱ्याला जेवणात साखर किती गेली असं विचारलं, तर तो चहा मोजेल, मिठाई मोजेल. सॉस त्याच्या लेखी तिखट-आंबट आणि दही पौष्टिक. माझं म्हणणं असं की, गोड खाल्लंच नाही असं वाटणाऱ्या जेवणातच हिशेब जास्त चुकतो, कारण केचपमधल्या व्हिनेगरचा आंबटपणा जिभेला साखर कळू देत नाही. तो आंबटपणा तोलायला आणि सॉस टिकायलाही साखर लागतेच, म्हणून ती चिमूटभर नसते.

एक ताट मांडून पाहू. नूडल्सवर तीन भरलेले चमचे केचप, म्हणजे साधारण ४५ ग्रॅम. एक चमचा गोड चिली सॉस, १५ ग्रॅम. शेवटी १०० ग्रॅमचा स्ट्रॉबेरी योगर्टचा कप. समजा, १०० ग्रॅममागे वरून घातलेली साखर केचपच्या बाटलीवर २० ग्रॅम लिहिली आहे आणि चिली सॉसच्या ४०. मग केचपचे ९ ग्रॅम झाले, चिली सॉसचे ६. योगर्टच्या कपावर एकूण साखर १४ आणि वरून घातलेली ९ दिसते. मधले पाच दुधातल्या लॅक्टोजचे, ते साध्या दह्यातही असतातच. बेरीज २४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशी साखर रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवायला सांगितली, आणि पाच टक्क्यांखाली आणली तर अधिक चांगलं म्हटलं. दोन हजार कॅलरींच्या आहारात ते अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे दिवसाचा चहा अजून मोजायचाच आहे आणि पंचवीस जवळपास संपलेत.

यावर कुणी म्हणेल, एका चमच्यात तीनच ग्रॅम, त्याचं काय एवढं? पाकिटावरची टक्केवारीही तेच सुचवते: ५० ग्रॅमच्या हिशेबाने तीन ग्रॅम म्हणजे सहा टक्के. पण ती टक्केवारी उत्पादकाने ठरवलेल्या एका वाढणीची असते, आपल्या ताटातल्या वाढणीची नव्हे. म्हणून १०० ग्रॅमचा रकाना धरावा आणि खाल्लेलं वजन स्वतः काढावं. घरी ते सोपं आहे: जेवणाआधी बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, जेवणानंतर पुन्हा ठेवा, फरक तेवढा पोटात गेला. गाडीवरच्या सुट्या सॉसला लेबल नसतं, तिथे बाजारातल्या तशाच सॉसचा आकडा धरून अंदाजावरच भागवावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मधुमेह असलेल्याला नूडल्सच्या मैद्याचं काय? हे खरंच आहे. रक्तातली साखर मैद्यानेही चढते आणि दुधातल्या लॅक्टोजनेही, त्यामुळे त्याने वरून घातलेल्या साखरेच्या ओळीवर न थांबता एकूण कर्बोदकांची ओळ वाचावी. त्याच्या बेरजेत योगर्टचे पूर्ण चौदा धरायचे, पाच वजा करायचे नाहीत.